बावीस मिनिटं आणि मोठ्या आजीचे हात

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारलात. व्हिडिओत मोठ्या आजीचा आवाज आहे, मग तिचा चेहरा का नाही? सगळा वेळ नुसते हातच का दिसतात? मी म्हटलं, "पत्र लिहून सांगते," आणि तुम्ही हसलात. फोनवर सांगितलं असतं तर मी अर्ध्यातच दुसरीकडे गेले असते, आणि तुम्हीही गेला असता. शिवाय सगळं घडलं ते क्रमानं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. ज्यांच्याविषयी लिहायचं त्या मोठ्या आजी पलीकडच्या खोलीत बसल्या आहेत. लिहून झालं की हे पान त्यांना वाचायला देता येईल आणि चूक असेल तर त्या सांगतील. म्हणून आत्ताच लिहिते.

मोठी आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. त्या मला गेली पन्नास वर्षं "मास्तरीन" म्हणतात. मी शाळेत इंग्रजीतून भूगोल शिकवत होते, आणि लग्न होऊन आले तेव्हा या घरात नोकरी करणारी मी पहिलीच सून. ताई पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातल्या. चौथीपर्यंत शाळा झाली आणि मग इथल्या केळीच्या वाडीत आल्या. त्यांच्या तोंडी अजून "पानी" आणि "कोन" आहे. आमच्या सासूबाईंनी ते बदलायचा प्रयत्न केला नाही. मी केला होता, पहिल्या वर्षी. त्याबद्दल ताई अजून मला बोलतात.

आमच्या रेकॉर्डिंगची सुरुवात तुमच्यामुळे झाली. तुम्ही परदेशी गेलात आणि तुमच्या बाबानं कळवलं की मुलं झोपताना गोष्ट मागतात, पण मराठीतली हवी. मी फोनवर बोलून पाठवू लागले. माझ्या गोष्टी तुम्हाला धड्यासारख्या वाटल्या, हे तुम्ही त्या वयात स्पष्ट सांगितलंत. मग मी ताईंना पुढे केलं.

ताईंच्या सुनेचा गोखिवऱ्यात छोटा स्टुडिओ आहे. वालीवच्या कारखान्यांसाठी ती व्हिडिओ बनवते: पंप कसा जोडायचा, मशीनचा पट्टा कसा बदलायचा. ती म्हणाली, "काकी, हे नीट रेकॉर्ड करू. मी पॉडकास्ट म्हणून टाकते. आपल्या माणसांना कुठूनही ऐकता येईल." तिनं एक चांगला माइक आणला. मागच्या खोलीत आम्ही भिंतींवर गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा बंद. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्या की सुरुवात.

पहिल्याच दिवशी अडचण आली. ताई बोलताना हात थांबत नाहीत. केळ्याचा घड कापला असं सांगताना हात कापतात, विहिरीतून पाणी ओढलं असं सांगताना हात ओढतात. बांगड्या टेबलावर आपटून माइकमध्ये वाजायच्या. सून म्हणाली, "आई, हात मांडीवर ठेवून बोला ना." ताईंनी हात मांडीवर ठेवले आणि त्यांना एक वाक्यही बोलता येईना. मग हात पुन्हा वर घेत त्या म्हणाल्या, "हात बांधून कोन बोलतो? पोलीस चौकीत बोलतात तसं." शेवटी टेबलावर टॉवेलची घडी घातली. बांगड्या वाजल्याच, पण हळू.

असे चौदा भाग झाले. सगळ्यांत चांगला सहावा, सुकेळ्यांचा. पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळवायची, रोज उलटायची आणि मधासारखी झाली की वाळक्या पानात बांधायची. हे काम ताई सासूबाईंकडून शिकल्या. मी शिकले नाही, कारण मला शाळा होती. बावीस मिनिटांच्या त्या भागात ताई सासूबाईंची नक्कलही करतात.

मग ताईंचं ऐकणं गेलं. आधी एका कानानं कमी ऐकू येत होतं. नंतर एक ताप आला आणि दोन्ही कान गेल्यासारखे झाले. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते लावलं की भांडी आपटल्याचं कळतं, पण बोलणं उमगत नाही. त्या टीव्हीवरच्या मालिका चेहरे बघून ओळखतात आणि पुष्कळदा मालिकेपेक्षा बरी गोष्ट स्वतः रचतात. आमच्याशी बोलायला मी माझी शाळेतली पाटी काढली. मी लिहिते, त्या वाचून तोंडानं उत्तर देतात.

एका सकाळी भाजी निवडताना त्या अचानक म्हणाल्या, "मास्तरीन, मी त्या डब्यात काय काय बोलले गं?"

डबा म्हणजे माइक. मी पाटीवर लिहिलं, "सगळं. सुकेळी, विहीर, सासूबाई."

"ते जगानं ऐकलं. माझ्या कानात फक्त एकदाच गेलं, बोलताना. आता जायचं नाय."

एवढं बोलून त्या पुन्हा भाजीकडे वळल्या. मी संध्याकाळी सुनेला फोन केला आणि म्हटलं, सहाव्या भागाचा व्हिडिओ करायचा. तिच्या सासूला टीव्हीवर बघता यावा असा.

ती म्हणाली, "सोपं आहे काकी. फोटो लावला की झालं. सगळे तेच करतात."

आणि आम्हीही तेच केलं. विहिरीपाशी आम्ही दोघी उभ्या आहोत तो जुना फोटो होता. तो लावला आणि खाली आवाज जोडला. बावीस मिनिटांचा व्हिडिओ तयार. दुपारी ताईंना टीव्हीसमोर बसवलं. त्या पदर सावरून, चष्मा पुसून बसल्या. पडद्यावर विहीर आणि आम्ही दोघी. मी शेजारी बसून आवाज ऐकत होते आणि सासूबाईंच्या नकलेला एकटीच हसले. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागल्या. बावीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. संपल्यावर पडदा काळा झाला तेव्हा त्यांनी विचारलं,

"सुरू कधी होनार?"

मुलांनो, मी छत्तीस वर्षं वर्गात उभी राहिले. माझ्या शिकवण्यातलं कुणाला काही कळलं नाही हे इतक्या सभ्यपणे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुनेचं तोंड उतरलं. दोन दिवसांनी ती दुसरा प्रयत्न घेऊन आली. फोटोवर पांढऱ्या रेघा होत्या आणि आवाज चढला-उतरला की त्या नाचत होत्या. पडदा हलता ठेवायचा असेल तर हे पुष्कळ जण करतात, असं ती म्हणाली. ताईंनी निरखून पाहिलं.

"हा माझ्या छातीचा कागद का? दवाखान्यात काढलेला?"

सून हसू लागली, "नाही हो आई, हा तुमचा आवाज आहे." मी ते पाटीवर लिहिलं.

"असा दिसतो? मग बरंय, ऐकू येत नाय ते."

तेव्हा मी म्हटलं, आता मी बघते. सगळा भाग पाच वेळा ऐकला. वहीत तीन रकाने आखले: वेळ, वाक्य, चित्र. कुठल्या मिनिटाला कुठल्या सेकंदाला काय बोललं आहे ते टिपलं. मराठी शब्द आपोआप लिहून देणारी सोय आहे म्हणे, ती सुनेनं लावून पाहिली. ताईंच्या बोलीपुढे ती सोय पहिल्या दोन वाक्यांतच भरकटली. म्हणून सगळं बोलणं मी हातानं लिहून काढलं, ताई बोलल्या तसंच. "पानी" होतं तिथं "पानी" ठेवलं. पन्नास वर्षांनी का होईना, शिकले.

मग चित्रं. अल्बममधले फोटो खिडकीच्या उजेडात ठेवून वरून फोनवर काढले, फ्लॅश न लावता, नाहीतर चकाकी येते. माझ्या पुतण्यानं, म्हणजे ताईंच्या मुलानं, वाडीत उभ्या फोननं काढलेले फोटो टीव्हीच्या आडव्या पडद्यात बसेनात, तर सुनेनं बाजूच्या जागेत तोच फोटो धूसर करून भरला. ताई "केळं" म्हणाल्या की केळं, "सुरी" म्हणाल्या की सुरी, "ऊन" म्हणाल्या की ऊन. प्रत्येक चित्र हळूहळू मोठं होत जाणारं. दर सहा-सात सेकंदांनी नवं चित्र. एकही क्षण पडदा स्थिर नाही. खाली ताईंची वाक्यं. मी स्वतःवर फार खूश होते, हे कबूल करते.

ताईंनी पाच मिनिटं पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मला केळं दाखवतेस? मी काय बालवाडीत बसलेय?"

मी पाटी घेतली तर त्यांनी ती बाजूला सारली. "आनि ही राजेळी नाय. ही बाजारातली पिवळी. कोन बघेल तर म्हनेल, म्हातारीला केळं ओळखता येत नाय. अक्षरं वाचायला घ्यावी तर पळतात. सगळं पुढं पुढं येतं, मला गरगरतं. बंद कर."

त्या उठून वाडीत गेल्या. तिथं त्यांचा फार वेळ जातो हल्ली.

मी सुनेकडे बघितलं. ती रागावली असेल असं मला वाटलं, पण ती टीव्हीकडे बघत विचार करत होती. म्हणाली, "काकी, आपण चुकलो. मी कारखान्यासाठी करते तेव्हा 'बोल्ट' शब्द आला की बोल्टचा फोटो दाखवत नाही. तो कळतोच. कुठल्या हातानं धरायचा, किती आवळायचा, ते दाखवते. बोलण्यात जे मावत नाही ते. आपण आईंचा एकेक शब्द दाखवत बसलो. काम दाखवलंच नाही."

मी म्हटलं, "काम कोण करणार? सुकेळी करून झाली त्याला बारा-पंधरा वर्षं."

"आई करतील."

राजेळी आता फार कुणी लावत नाही. आमच्या विहिरीमागे तिचे तीन खुंट राहिले आहेत, पण त्यांवर तेव्हा घड नव्हता. अर्नाळ्याच्या रस्त्याला आमचे एक नातेवाईक आहेत, त्यांच्या वाडीतून पुतण्यानं घड आणला. दारात घड ठेवला तेव्हा ताईंनी काही विचारलं नाही. एक केळं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "चार दिवस थांबा." आम्ही थांबलो.

चौथ्या दिवशी ओटीवर पाट मांडला. सुनेनं फोन आडवा करून स्टँडला घट्ट बसवला. एकदा वरून, एकदा बाजूनं. उजेड बाहेरचाच. मी विचारलं, "ताईंचा चेहरा नाही घेत?" ती म्हणाली, "नाही काकी. आवाज जुना आहे. तोंड दिसलं की बघणारा ओठांकडे बघतो, आणि ओठ जुळणार नाहीत. मग सगळंच खोटं वाटतं. हात खोटे वाटत नाहीत."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. बाकीचं मी आपलं सांगते आहे, कारण मला सांगायचं आहे.

ताईंना आम्ही काही सांगितलं नाही, कुठल्या वाक्याला काय करा वगैरे. सांगून ऐकूही आलं नसतं. त्यांनी काम केलं. नखानं देठाशी खाच पाडून साल एका ओढीत काढली. केळं तळहातावर तोलून, वाकडं असेल तर दोन बोटांनी हलकेच सरळ केलं. चटईवर एकाला दुसरं लागणार नाही इतक्या अंतरावर मांडलं. सासूबाई हे अंतर करंगळीनं मोजायच्या, असं ताई त्या भागात सांगतात. ताईंची करंगळीही प्रत्येक फटीत जाऊन येत होती, त्यांच्या नकळत. मी त्या घरात होते सगळी वर्षं, आणि ही करंगळी मी पहिल्यांदा पाहिली. शाळेतून येईपर्यंत सगळं आवरून झालेलं असायचं.

आठवडाभर ऊन दाखवणं चाललं. रोज सकाळी पसरायची, उलटायची, ऊन उतरलं की गोळा करून कापडात झाकायची. सून जमेल तेव्हा येऊन थोडं थोडं चित्रण करायची. ताई दोन दिवसांत फोनला विसरल्या. तिसऱ्या दिवशी त्या कामाच्या नादात बोलू लागल्या, एकट्याच. कितीतरी महिन्यांनी त्या आपणहून इतकं बोलत होत्या. शेवटच्या दिवशी वाळक्या केळीच्या पानात सुकेळी गुंडाळून, खोडाच्या वाळक्या सालीच्या दोरीनं बांधली. गाठ मारताना दोरीचं एक टोक दातात धरलं. एका हातानं पुडा धरून बसलेली सून दुसऱ्या हातानं घाईनं फोन मागं घेऊ लागली, तोंड यायला नको म्हणून, आणि तेवढ्यात ताई टोक न सोडता म्हणाल्या, "हललीस तर गाठ सुटेल, थांब."

मग गोखिवऱ्याच्या स्टुडिओत आम्ही दोघी बसलो. तिच्या पडद्यावर खाली ताईंच्या आवाजाची लांब पट्टी आणि वर चित्रांचे तुकडे. आवाजाला हात लावायचा नाही, हे आधी ठरवलं. एक खोकलाही कापला नाही. आवाज सलग राहिला आणि चित्रं त्यावर रचली. ताई सोलण्याविषयी बोलतात तिथं सोलणं पूर्ण होईपर्यंत चित्र बदललं नाही, कधी अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्त. त्या विषय सोडून शेजारणीकडे वळतात तिथंही हात चालूच ठेवले. चित्र मोठं करत नेण्याची गरजच पडली नाही, कारण हात हलत होते.

अक्षरं मोठी केली, काळ्या पट्टीवर, एका वेळी दोनच ओळी. ताई किती वेळात वाचतात ते मी घरी पाटीवर घड्याळ लावून पाहिलं होतं. त्या बोलतात भराभर आणि वाचतात सावकाश, म्हणून एकेक ओळ त्यांच्या थांबण्यापर्यंत लांबवली. काही ठिकाणी बसेचना, तिथं वाक्य थोडं आखूड केलं. ताईंची अक्षरं आम्ही चित्रातच पक्की बसवली, कारण रिमोटवरून ती चालू करणं त्यांना जमायचं नाही. तुमच्यासाठी इंग्रजी अक्षरांची फाइल मी वेगळी केली. ती तुम्ही हवी तर लावता, नको तर काढता. मला वाटतं तुम्ही ती पहिल्यापासून लावून ठेवता.

सगळं होत आलं तेव्हा मी थांबले. म्हटलं, ताईंना शब्द मिळाले, पण बाकीचं? मग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं आणि शब्दांच्या मध्ये लिहीत गेले. (हसते). (बांगड्या वाजतात). (बाहेर कोकिळा ओरडते). रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या कोकिळेवर आम्ही किती वैतागलो होतो.

एकाच जागी अडलो. ताई सासूबाईंची नक्कल करतात तिथं हाताचं चित्र ठेवावंसं वाटेना. सासूबाईंचा एकच फोटो आहे, ओटीवर सूप घेऊन बसलेल्या. तो आम्ही आठ सेकंद ठेवला. त्याहून जास्त वेळ स्थिर फोटो दिसला की लोक निघून जातात, असं सुनेचं म्हणणं.

दुपारी ताईंना बसवलं. त्यांनी पदर सावरला, चष्मा पुसला. मी पाटी मांडीवर घेऊन बसले, पण तिच्यावर काही लिहावं लागलं नाही. पहिली ओळ आली आणि हात दिसले. ताई पुढे झुकल्या. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलू लागले, अक्षरांबरोबर. मग अक्षरांच्या आधी. मांडीवरचे हातही हलू लागले. (बांगड्या वाजतात) असं आलं तेव्हा त्यांनी मनगटाकडे बघितलं. (बाहेर कोकिळा ओरडते) वाचून त्या माझ्याकडे वळल्या. "तेव्हा होती कोकीळ? मला आठवत नाय."

मी मान हलवली.

"तू लिहिलंस म्हनून कळलं."

मग सासूबाईंचा फोटो आला आणि गेला. ताईंनी हात वर केला. "मागं घे. थांबव तिथं." सुनेनं मागे घेतलं. ताई पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या.

"हा जास्त वेळ ठेव."

सुनेनं माझ्या हातातली पाटी घेतली आणि लिहिलं, "आई, फोटो हलत नाही. लोक कंटाळून जातील."

ताईंनी वाचलं. "जाऊ देत. सासूबाई बघायला ज्याला सवड नाय, त्यानं सुकेळी खाऊ नये."

तर तुम्ही विचारलं नाहीत, पण बाराव्या मिनिटाला तो फोटो अख्खी नक्कल संपेपर्यंत तसाच थांबतो, तो का, ते हे असं आहे. बावीस मिनिटांत स्थिर चित्र ते एकच.

हे पान आत्ता ताईंना वाचायला दिलं. त्यांनी सावकाश वाचलं. दोन दुरुस्त्या सांगितल्या: केळी चार नव्हे, पाच दिवस ठेवली होती, आणि त्या मालिकांच्या गोष्टी रचत नाहीत, मालिकावालेच चुकीच्या रचतात. पहिली मी तशीच ठेवली आहे, कारण वहीत चार आहे. दुसरी मान्य.

बाकीच्या तेरा भागांचे व्हिडिओ झालेले नाहीत. त्यांतली बरीचशी कामं आता करून दाखवता येणार नाहीत. रहाट नाही, बैल नाहीत, वाडीचा मोठा भाग इमारतीखाली गेला. शिल्लक आहे ते असं: चौदा भागांचा आवाज, एक व्हिडिओ, विहिरीमागचे राजेळीचे तीन खुंट, सासूबाईंचा एक फोटो आणि ताईंचे हात. यंदा एका खुंटाला घड धरला आहे.

तुमची आजी